साठ टक्के सेंद्रिय कापूस, चाळीस टक्के रिसायकल पॉलिस्टर: मग गोळे कोणामुळे आले?

प्रश्न: सहा-सात धुण्यांतच माझ्या स्वेटशर्टवर गोळे आलेत. लेबलवर ‘६० टक्के सेंद्रिय कापूस, ४० टक्के रिसायकल पॉलिस्टर’ लिहिलंय. एक मित्र म्हणतो, बाटल्यांपासून केलेलं पॉलिस्टर कमजोर असतं. दुसरा म्हणतो, सेंद्रिय कापूस नाजूक असतो. खरं काय? आणि असे कपडे धुवायचे, वाळवायचे, इस्त्री करायचे कसे?

उत्तर:

दोन्ही मित्र चुकताहेत, आणि पहिला तर अगदी उलट बोलतोय. पॉलिस्टर कमजोर असतं तर गोळे आले असते आणि थोड्या दिवसांत आपोआप गळूनही पडले असते. तुमच्या स्वेटशर्टवर ते ठाण मांडून बसलेत, कारण त्यांना धरून ठेवणारं पॉलिस्टर चिवट आहे. मी कापड तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि तक्रारीचे जे कपडे आमच्या टेबलावर येतात त्यांत गोळ्यांची तक्रार नेहमीचीच. त्यामुळे जरा मुळापासून सांगते.

स्वेटशर्टचं सूत म्हणजे आखूड तंतूंना एकत्र ओढून दिलेला पीळ. कापसाचे तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब असतात. त्यांच्यात मिसळायचं पॉलिस्टरही कापूनच घेतात, बहुतेक वेळा ३८ मिलिमीटरच्या आसपास. कापड कशालाही घासलं, मग ते टेबलाची कड असो, बॅगेचा पट्टा असो किंवा मशीनमधले बाकीचे कपडे असोत, की पिळात नीट न अडकलेली टोकं बाहेर येतात. आधी नुसती लव दिसते. पुढच्या घर्षणात ती लव एकमेकींत गुंतते, गोल होते आणि काही मोजक्या तंतूंच्या आधाराने कापडाला लटकत राहते. इथपर्यंत सुती आणि मिश्र कापडाची गोष्ट सारखीच आहे. फरक पडतो तो या आधाराच्या तंतूंमुळे. कापसाचा तंतू पुन्हापुन्हा वाकवला की तुटतो, म्हणून निव्वळ सुती कापडावरचे बरेचसे गोळे काही धुण्यांत झडून जातात. पॉलिस्टरचा तंतू कितीतरी जास्त वेळा वाकवला तरी तुटत नाही. मिश्र सुतात कापूस लव पुरवतो आणि पॉलिस्टर तिला बांधून ठेवतं. ही जोडी नव्या पॉलिस्टरची असली तरी हेच झालं असतं.

याचा एक पुरावा खुद्द पॉलिस्टर बनवणाऱ्यांकडेच आहे. गोळे कमी यावेत म्हणून जे खास पॉलिस्टर तयार करतात, ते मुद्दाम कमी ताकदीचं ठेवलेलं असतं. त्यातल्या रेणूंच्या साखळ्या नेहमीपेक्षा आखूड राखतात, म्हणजे गोळ्याचा आधार लवकर तुटतो आणि गोळा गळून पडतो. म्हणून रिसायकल करताना पॉलिस्टर खरोखरच कमजोर झालं असतं, तर निदान गोळ्यांच्या बाबतीत तुमचा फायदाच झाला असता.

पण ते तसं होतही नाही. बाजारातलं बहुतेक रिसायकल पॉलिस्टर पाण्याच्या आणि शीतपेयांच्या पेट बाटल्यांतून येतं, कारण पेट हेही पॉलिस्टरच. बाटल्या निवडतात, झाकणं आणि लेबलं वेगळी करतात, चुरा करतात, गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतात, कडक वाळवतात, वितळवून गाळतात आणि बारीक छिद्रांतून तंतू ओढतात. वितळवताना खरा शत्रू म्हणजे ओलावा. २५० अंशांच्या वर तापलेल्या पॉलिस्टरमध्ये पाण्याचा अंश राहिला तर तो रेणूंच्या साखळ्या तोडत जातो. म्हणून चुऱ्यातला ओलावा दशलक्षात ५० भागांपेक्षा खाली आणूनच तो वितळवतात. तरीही साखळ्या थोड्या आखूड होतातच. इथे नशीब तंतूवाल्यांच्या बाजूचं आहे. साखळ्यांची लांबी मोजण्यासाठी या धंद्यात एक आकडा वापरतात, अंतर्गत चिकटपणाचा. बाटलीच्या पेटला तो साधारण ०.७२ ते ०.८५ लागतो, कारण बाटली फुगवायची असते आणि तिने दाब सोसायचा असतो. कपड्यांच्या तंतूला ०.६० ते ०.६५ पुरतो. म्हणजे बाटली उतरत उतरत जिथे येते, तिथेच तंतूला हवी ती पातळी असते. काम नीट झालं असेल तर बाटलीतून आलेला तंतू आणि नवा तंतू यांच्या ताकदीत तुम्हाला अंगावर जाणवेल असा फरक राहत नाही. जुन्या कपड्यांपासून पुन्हा कपडे करायचे असतील तेव्हा गणित बदलतं. तिथे सुरुवातच ०.६ च्या आसपास होते, शिवाय त्यात रंग आणि दुसरे तंतू मिसळलेले असतात. म्हणून त्या वाटेने जाणाऱ्यांना एकतर साखळ्या पुन्हा वाढवून घ्याव्या लागतात, नाहीतर पॉलिस्टर रसायनांनी पार मूळ घटकांपर्यंत फोडून नव्याने बांधावं लागतं. तसं बांधलेलं पॉलिस्टर मग नव्यासारखंच वागतं.

मग रिसायकल पॉलिस्टरचा कापडावर काहीच परिणाम नाही का? आहे, पण तो ताकदीपेक्षा रंगात दिसतो. बाटल्यांच्या चुऱ्यातून आलेल्या मालाला थोडी पिवळट किंवा राखाडी झाक असू शकते. गडद निळ्या, काळ्या कपड्यात ती कळत नाही, पण पांढऱ्या आणि फिक्या रंगांत कळते. दुसरं म्हणजे बाटली गढूळ होऊ नये म्हणून बाटलीच्या पेटमध्ये थोडं आयसोफ्थॅलिक आम्ल घातलेलं असतं. त्यामुळे हे पॉलिस्टर रंग किंचित वेगळ्या वेगाने पितं. एका घाण्याचं आणि दुसऱ्या घाण्याचं सूत एकाच थानात विणलं गेलं, तर रंगवल्यावर कापडावर आडवे पट्टे उमटतात. कपडा खिडकीशी तिरपा धरा, असतील तर लगेच दिसतील. हा दोष पहिल्या दिवसापासूनच असतो, वापराने वाढत नाही. चुऱ्यात परक्या प्लास्टिकचा कण राहून गेला तर त्रास होतो तो मुख्यतः तंतू ओढणाऱ्या गिरणीला, कारण बारीक तंतू त्या जागी तुटतो. ग्राहकाच्या हातात तो दोष फारसा येत नाही.

जाता जाता एक घोटाळा दूर करते, कारण तुमच्या मित्राच्या मनात कदाचित तोच असेल. रिसायकल कापूस मात्र खरोखर कमजोर असतो. जुन्या कापडाच्या चिंध्या यंत्राने ओरबाडून पुन्हा तंतू मोकळे करतात, त्यात ते तुटतात आणि आखूड होतात. आखूड तंतूंची टोकं जास्त, म्हणून लव जास्त आणि सूतही कच्चं. म्हणूनच तो नव्या कापसाबरोबर किंवा पॉलिस्टरबरोबर मिसळून वापरतात. लेबलवर ‘रिसायकल’ हा शब्द कापसापुढे आहे की पॉलिस्टरपुढे, एवढं बघितलं तरी अर्धं काम होतं.

आता सेंद्रिय कापूस. तो नाजूक असतो ही समजूत का पसरली असावी, याचा मला अंदाज आहे, त्यावर पुढे येते. सेंद्रिय हा शब्द शेताबद्दल बोलतो: बियाणं जनुकीय बदल केलेलं नसावं, कृत्रिम कीटकनाशकं आणि रासायनिक खतं वापरलेली नसावीत. कापूस सरकीपासून वेगळा झाला की त्याची प्रत यंत्रावर मोजतात. त्यात तंतूची लांबी, तलमपणा, ताकद, लांबीतला सारखेपणा आणि कचरा एवढं येतं. त्या आकड्यांवरून कापूस सेंद्रिय आहे की नाही हे कोणालाही सांगता येणार नाही. हे आकडे ठरवतात ते वाण, त्या वर्षाचा पाऊस, बोंडं कधी आणि कशी वेचली, सरकी कशी काढली, या गोष्टी. लांब धाग्याच्या वाणाचा साधा कापूस हा आखूड धाग्याच्या सेंद्रिय कापसापेक्षा जास्त टिकेल. उलटही तितकंच खरं. ‘सेंद्रिय म्हणून मऊ’ या जाहिरातीतही दम नाही. दुकानात हाताला जो मऊपणा लागतो, तो बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यावर दिलेल्या सिलिकॉनच्या सॉफ्टनरचा असतो आणि काही धुण्यांत उतरतो. कीटकनाशकांचे अंश अंगाला लागतील ही भीतीही तयार कपड्याच्या बाबतीत अस्थानी वाटते. रंगवण्याआधी साधं सुती कापडही कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यातून काढतात आणि त्यात वरचं बहुतेक सगळं निघून जातं. शेतात काम करणाऱ्यांसाठी तो फरक मोठा आहे, पण तो वेगळा विषय झाला.

तरीही सेंद्रिय लेबलाचा कपड्याच्या वागण्यावर एका ठिकाणी खरा परिणाम होतो, आणि तो शेतातून येत नाही, प्रक्रियेतून येतो. जीओटीएस नावाचं प्रमाणपत्र तंतूबरोबर धुणं, रंगवणं, फिनिशिंग यांचीही तपासणी करतं. त्यात क्लोरीनच्या ब्लीचला बंदी आहे आणि फॉर्माल्डिहाइडवर कडक मर्यादा. न चुरगळणारे सुती शर्ट ज्या रेझिनने करतात, त्यांतली नेहमीची रेझिनं फॉर्माल्डिहाइडवर आधारलेली असतात, त्यामुळे ती इथे बाद होतात. ती रेझिनं कापसाच्या रेणूंना एकमेकांना जखडून टाकतात, म्हणून घडी पडत नाही. पण जखडलेला तंतू लवचीक राहत नाही, आणि कापडाची फाटण्याविरुद्धची व घासण्याविरुद्धची ताकद चांगलीच उतरते. कॉलरची आणि बाह्यांची कड आधी जाते ती यामुळे. जीओटीएसचा सुती शर्ट जास्त चुरगळेल, इस्त्री जास्त मागेल आणि कडेला जास्त दिवस टिकेल. चुरगळणं म्हणजे नाजूकपणा, असा समज तुमच्या दुसऱ्या मित्राने करून घेतला असावा.

तुमच्या कपड्याकडे येऊ. लेबल काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे टक्केवारीवरूनच काढता येतं. जीओटीएसमध्ये ‘सेंद्रिय’ या पहिल्या दर्जासाठी किमान ९५ टक्के सेंद्रिय तंतू लागतात. ‘सेंद्रिय तंतू वापरून केलेलं’ या दुसऱ्या दर्जासाठी किमान ७० टक्के. तुमचा कपडा ६० टक्क्यांवर आहे, म्हणजे जीओटीएस त्याला मिळूच शकत नाही. रिसायकल मालासाठी जीआरएस नावाचं प्रमाणपत्र आहे. त्यात २० टक्क्यांपासून प्रमाणपत्र मिळतं, पण ग्राहकासमोर कपड्यावर त्याचं चिन्ह लावायला किमान ५० टक्के रिसायकल माल लागतो. तुमचे ४० टक्के तिथेही कमी पडतात. उरतात सेंद्रिय मालासाठी ओसीएस आणि रिसायकल मालासाठी आरसीएस, ज्यांचं मिश्र मालाचं लेबल ५ टक्क्यांपासून पुढे मिळतं. ही दोन्ही फक्त एवढंच पाहतात, की सांगितलेला माल सांगितलेल्या प्रमाणात शेतापासून किंवा भंगारापासून शिलाईपर्यंत कागदोपत्री न तुटता पोहोचला. रंग कसा दिला, कापड किती आटेल, गोळे किती येतील याच्याशी त्यांचा संबंध नाही. त्या मानाने जीओटीएसमध्ये रंगाच्या पक्केपणाच्या आणि आटण्याच्या मर्यादा आहेत. टॅगवर कोणतंच चिन्ह नसेल आणि नुसतंच वाक्य असेल, तर ते विकणाऱ्याचं म्हणणं समजा. तयार कपड्यातलं पॉलिस्टर बाटलीतून आलं की नवं होतं, हे प्रयोगशाळेत खात्रीने सांगता येत नाही, तसंच कापूस सेंद्रिय आहे हेही. म्हणूनच कागदांची साखळी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी लेबलवर कधीच नसते: हे ४० टक्के पॉलिस्टर कापडात नेमकं कुठे आहे?

स्वेटशर्टचं जाड कापड बहुधा दोन-तीन वेगवेगळ्या सुतांनी विणतात. बाहेरची बाजू बारीक सुताची असते. आतल्या बाजूला जाड सुताचे फासे असतात, ते ब्रशने विंचरून मऊ केलेले असतात. काही विणींत या दोघांना बांधणारं तिसरं सूतही असतं. समजा बाहेरचं आणि बांधणीचं सूत मिळून कापडाच्या वजनाचा ६० टक्के भाग आहे आणि ते पूर्ण सुती आहे, तर आतल्या फाशांचं ४० टक्के सूत पूर्ण पॉलिस्टर. बेरीज ६०-४०. आता दुसरी शक्यता घ्या: सगळ्याच सुतांत ६० टक्के कापूस आणि ४० टक्के पॉलिस्टर एकजीव मिसळलेलं आहे. बेरीज पुन्हा ६०-४०. लेबल अक्षरशः तेच. पण पहिल्या कापडात बाहेरच्या बाजूला पॉलिस्टर जवळजवळ नाहीच, त्यामुळे तिथले गोळे बहुतांशी झडून जातील. दुसऱ्यात बाहेर लव आणि बांधणी दोन्ही आहे, तिथे गोळे टिकतील. पहिलं कापड वाईट नाही, पण त्यात आतून लव जास्त गळते. दुसरं सूत कातायला आणि रंगाचा मेळ साधायला गिरणीला सोयीचं पडतं, म्हणून ते सर्रास दिसतं.

तुमच्याकडचं यांपैकी कोणतं, हे घरी कळू शकतं. खालच्या शिवणीची आतली कड बघा, तिथे कापलेलं थोडं कापड असतं. सुईच्या टोकाने बाहेरच्या बाजूचा एक आणि आतल्या बाजूचा एक धागा वेगवेगळा सोडवा, दोन-तीन सेंटिमीटर पुरे. मोकळ्या जागी, धातूच्या चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून प्रत्येकाला ज्योत दाखवा. सुती धागा पेटेल, जळत्या कागदाचा वास येईल आणि बोटात चुरली जाणारी मऊ राख उरेल. निव्वळ पॉलिस्टरचा धागा ज्योतीपासून आक्रसेल, वितळेल आणि थंड झाल्यावर टणक मणी होईल. मिश्र धागा पेटेलही आणि मागे राखेत कडक कण राहतील. बाहेरच्या धाग्याने असे कडक कण सोडले, तर तुमचे गोळे कुठून आले हे कळलं. मण्याला थंड होईपर्यंत हात लावू नका, वितळलेलं पॉलिस्टर त्वचेला चिकटतं.

जाळायचं नसेल तर एक गोळा उपटून भिंगाखाली बघा. वळलेल्या चपट्या फितीसारखे दिसतात ते कापसाचे तंतू, सरळ, गुळगुळीत आणि चकचकीत दिसतात ते पॉलिस्टरचे. गोळ्याच्या पोटात दोन्ही सापडतील, पण कापडात शिरलेली जी शेपटी असते ती कोणाची आहे ते बघायचं. गोळे कुठे आहेत हेही बोलकं असतं. कोपराखाली, बगलेत, पट्ट्याच्या जागी असतील तर वापरातलं घर्षण कारण आहे. सगळीकडे सारखे पसरलेले असतील तर मशीनमधलं घर्षण, किंवा सूतच सैल पिळाचं.

सुताबद्दल बोलायचं तर खरा गुन्हेगार बहुतेक वेळा तिथेच सापडतो. कापूस कातण्याआधी विंचरून आखूड तंतू काढून टाकले असतील, म्हणजे सूत कोंब्ड असेल, तर टोकं कमी आणि लव कमी. नुसतं कार्ड केलेलं सूत स्वस्त पडतं, त्यात आखूड तंतू तसेच राहतात. पीळ कमी ठेवला की कापड हाताला मऊ लागतं, पण तंतू सैल धरले जातात. विणल्यावर कापडाची लव ज्योतीने जाळून किंवा सेल्युलेज विकराने खाऊन काढता येते. ती पायरी वगळली की दुकानात सगळं छान दिसतं आणि चौथ्या धुण्याला रंग दाखवतं. सेंद्रिय आणि रिसायकल माल महाग पडतो म्हणून खर्चाची कात्री नेमकी कोंबिंग आणि फिनिशिंगवर चालवलेली मी पाहिली आहे. त्या अर्थाने तुमच्या मित्रांचा अनुभव खरा असू शकतो, निदान मात्र चुकीचं.

आता धुण्याबद्दल. मिश्र कपड्याला नियम लागतो तो त्यातल्या जास्त हळव्या तंतूचा, पण प्रत्येक बाबतीत हळवा तंतू वेगळा असतो. उष्णतेत पॉलिस्टर हळवं. साधारण ७० ते ८० अंशांच्या पुढे ते मऊ पडू लागतं, म्हणून फार गरम पाण्यात धुऊन गरम असतानाच जोरात पिळलं की त्यात सुरकुत्या पक्क्या बसतात आणि इस्त्रीनेही हटत नाहीत. इस्त्रीचं लेबल दोन ठिपक्यांचं, म्हणजे १५० अंशांपर्यंतचं. निव्वळ सुती कपड्याला तीन ठिपके, २०० अंश चालतात, सेंद्रिय असला तरीही. रंगाच्या आणि घर्षणाच्या बाबतीत कापूस हळवा. गडद मिश्र कपड्यात कडांवरचा रंगीत कापूस झिजून जातो आणि पॉलिस्टर तसंच राहतं, त्यामुळे शिवणींवर पांढुरकी झाक येते. ते रंग उतरणं नसून कापूस कमी होणं आहे.

म्हणून तुमचा स्वेटशर्ट उलटा करून, चेन आणि हुक असलेल्या कपड्यांपासून वेगळा, ३० ते ४० अंशांच्या पाण्यात, कमी वेळाच्या चक्रावर धुवा. मशीन फार रिकामं ठेवू नका, कारण थोड्याच कपड्यांना भरपूर पाण्यात जास्त आपटलं जातं, पण कोंबूही नका. द्रव डिटर्जंट चांगलं, पावडर नीट विरघळली नाही तर तिचे कण घासतात. क्लोरीनचं ब्लीच रंगीत कपड्याला नको. ‘सेंद्रियसाठी खास’ म्हणून विकलं जाणारं डिटर्जंट घ्यायची गरज नाही. मात्र डिटर्जंटच्या डब्यावर सेल्युलेज लिहिलेलं आहे का बघा. ते कापसाची लव खातं, त्यामुळे कपडा नितळ राहतो. दरवेळी तेच वापरलं तर काही वर्षांत कापसाची बाजू पातळ होते, म्हणून मी ते अधूनमधून वापरते. ड्रायर टाळलात तर बरं. सुती लव तिथेच सर्वांत जास्त गळते, आणि ड्रायरच्या जाळीवर साठणारा लवेचा थर म्हणजे तुमच्याच कपड्याचा भाग असतो. ब्रश केलेल्या कापडातून धुण्यातही सूक्ष्म तंतू सुटतात, नव्या कपड्यातून पहिल्या काही धुण्यांत जास्त. पॉलिस्टर रिसायकल असल्याने ते सुटायचे थांबत नाहीत.

पॉलिस्टरचा एक स्वभाव वासात कळतो. त्याला पाणी आवडत नाही. हवेतला ओलावा ते आपल्या वजनाच्या जेमतेम ०.४ टक्के धरतं, कापूस ८ टक्क्यांच्या आसपास. पण तेल त्याला फार आवडतं. अंगाचं तेल तंतूला धरून बसतं, थंड पाण्यात नीट निघत नाही आणि घामाचा वास परत येतो. यात नवं-रिसायकल भेद नाही. बगलेत धुण्याआधी थोडं द्रव डिटर्जंट चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तेलाचा डाग तसाच ठेवून ड्रायर किंवा इस्त्री दाखवू नका, तो पक्का होतो. खेळाच्या पूर्ण पॉलिस्टरच्या कपड्यांना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात घालू नका. घाम पसरवून वाळवणारं जे फिनिश त्यांवर दिलेलं असतं, त्यावर सॉफ्टनरचा थर बसतो आणि कपडा अंगाला चिकटायला लागतो.

आटण्याबद्दल एक हिशेब, कारण तीही तक्रार पुढे येईलच. आटतो तो मुख्यतः कापूस, आणि तो सेंद्रिय असण्याशी त्याचा संबंध नाही. विणताना आणि वाळवताना ताणलेले फासे पाण्यात सैल होऊन मूळ जागी येतात. नवा कपडा धुण्याआधी पाठीवर सुई-दोऱ्याने ४० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करा, उभ्या आणि आडव्या. तीन धुण्यांनंतर सपाट पसरून मोजा. ३८.४ भरले तर १.६ सेंटिमीटर गेले, म्हणजे ४ टक्के. विणलेल्या जाड कापडाला एवढं सहन होतं. ३७ च्या खाली गेलं, तर ७.५ टक्क्यांहून जास्त आटलं, आणि कापड शिवण्याआधी नीट आटवून घेतलेलं नव्हतं असं समजा. शिवणी मुरडून पोटाकडे येत असतील तर सुताचा पीळ मोकळा होतोय. त्याला धुण्याने इलाज नाही.

पुढच्या वेळी घेताना टॅग वाचून झाला की बाहेरच्या बाजूवर कोरडा तळवा जोरात वीस-तीस वेळा घासा आणि कापड उजेडात कडेने बघा. तेवढ्यात लव उभी राहिली तर घरी गोळे येणारच. कोंब्ड सूत लिहिलंय का, बाहेरची बाजू पूर्ण सुती आहे का, हे विचारा. विकणाऱ्याकडे गोळ्यांच्या चाचणीचा अहवाल असेल तर त्यात १ ते ५ अशी श्रेणी असते आणि ५ म्हणजे बदल नाही. ४ असेल तर निर्धास्त घ्या. ३ असेल तर किती घर्षणांनंतरची ते बघा, कारण १२५ फेऱ्यांनंतरचा ३ आणि २००० फेऱ्यांनंतरचा ३ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हातातल्या स्वेटशर्टचं म्हणाल तर तो टाकू नका. गोळे काढायच्या विजेच्या यंत्राने, कापड सपाट ताणून, हलक्या हाताने गोळे कापा. दाढीचं ब्लेड वापरू नका, त्याने फासे कापले जातात आणि तिथून भोक पडतं. हाताने ओढूही नका, एका गोळ्याबरोबर नवे तंतू बाहेर येतात. मग वर सांगितलं तसं उलटं करून तीन-चार वेळा धुवा आणि बघा. गोळे फारसे परतले नाहीत, तर ती पहिल्या फिनिशिंगमधली मोकळी लव होती आणि ती संपली. त्याच जागी तितकेच परत आले, तर सूतच सैल आहे. मग महिन्यातून एकदा यंत्र फिरवणं एवढंच हाती उरतं, आणि विकणाऱ्याकडे तक्रार करायची तर टॅगवरच्या टक्क्यांबद्दल न भांडता गोळ्यांच्या चाचणीचा अहवाल मागा.